मुदत संपली, सूचना दिली नव्हती : दोन पावत्यांचा अनुभव

माझे वडील साताऱ्यात एकटे राहतात. आई २०२२ मध्ये गेली. त्यापूर्वी घरातले बँकेचे सगळे कागद तिच्याकडे असत आणि अण्णा फक्त सही करत. मी पुण्यात नोकरी करते, महिन्यातून एकदा-दोनदा साताऱ्याला जाते. गेल्या वर्षी, म्हणजे ऑक्टोबर २०२५ मध्ये, दिवाळीच्या आधी चार दिवसांची रजा काढून मी अण्णांची आर्थिक कागदपत्रे नीट लावायला बसले, तेव्हा मुदत संपलेल्या दोन पावत्यांचे जे काही झालेले दिसले, ते मी इथे तपशिलाने लिहिते आहे. दोन्ही पावत्यांच्या बाबतीत आम्ही एकच चूक केली होती : मुदतपूर्तीला काय करायचे, हे बँकेला सांगितले नव्हते. परिणाम मात्र दोन्ही ठिकाणी अगदी वेगळे झाले.

पहिली पावती एका मोठ्या बँकेतली. १० जून २०२४ रोजी अण्णांनी ५ लाख रुपये ४४४ दिवसांच्या एका विशेष योजनेत ठेवले होते. ज्येष्ठ नागरिक म्हणून व्याजाचा दर ७.७५ टक्के होता आणि व्याज दर तिमाहीला मुद्दलात मिळवले जात होते. मुदत संपण्याची तारीख होती २८ ऑगस्ट २०२५. त्या वर्षी गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. म्हणजे ज्या दिवशी पावतीची मुदत संपली, त्या दिवशी आमच्या घरी दीड दिवसाच्या गणपतीचे विसर्जन चालले होते. बँकेचा एक संदेश आठवडाभर आधी आला होता आणि दुसरा मुदतीनंतरच्या दिवशी, हे मला नंतर अण्णांच्या फोनमध्ये सापडले. दोन्ही संदेश इंग्रजीत होते, आणि ओटीपी, विजेचे बिल, कर्जाच्या जाहिराती यांच्या गर्दीत ते न उघडता तसेच राहिले होते.

अण्णांचा बेत वेगळा होता. ही रक्कम मुदत संपताच काढून ती पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवायची, असे त्यांनी वर्षभर आधीच ठरवले होते. तिथे ८.२ टक्के दर होता आणि व्याज दर तीन महिन्यांनी हातात मिळते, जे निवृत्तीवेतनाला जोड म्हणून त्यांना हवे होते. ९ ऑक्टोबरला मी त्यांचे पासबुक भरून आणले, तेव्हा मला वाटले होते की ऑगस्टअखेरीस साडेपाच लाखांच्या जवळपासची रक्कम बचत खात्यात जमा झालेली दिसेल. पासबुकात निवृत्तीवेतन होते, गॅसच्या अनुदानाची एक लहानशी नोंद होती, विमा हप्त्याची वजावट होती. ठेवीची रक्कम नव्हती.

इथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते, कारण ती मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हती. मुद्दल आणि व्याज दोन्ही मिळून ठेवीचे आपोआप नूतनीकरण झाले की बचत खात्यावर त्याची नोंद पडत नाही. पैसा ठेव खात्यातून निघून ठेव खात्यातच राहतो. बऱ्याचदा ठेवीचा क्रमांकही तोच असतो, फक्त सुरुवातीची तारीख, मुदतीची तारीख आणि दर बदलतो. घरातल्या कपाटात असलेली छापील पावती मात्र जुनीच तारीख आणि जुनाच दर दाखवत राहते. त्यामुळे पासबुक नियमित भरणाऱ्या माणसालाही हा बदल दिसत नाही. तो दिसतो फक्त ठेवींच्या यादीत, नेट बँकिंगमध्ये किंवा काउंटरवर.

मी अण्णांना घेऊन शाखेत गेले. काउंटरवरच्या मुलीने ठेवीचा क्रमांक घातला आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली. त्यावर सुरुवातीची तारीख २८ ऑगस्ट २०२५, मुदत ४४४ दिवस, दर ६.७५ टक्के, मुदतपूर्ती १५ नोव्हेंबर २०२६ असे दिसत होते, आणि एका कोपऱ्यात `Auto Renewal: Yes` असे लिहिलेले होते.

"काका, तुमची पावती रिन्यू झालीय," ती म्हणाली. "मुद्दल आणि व्याज दोन्ही मिळून."

अण्णा म्हणाले, "पण मी तसं सांगितलं नव्हतं."

"नको, असंही सांगितलं नव्हतं ना तुम्ही. त्यामुळे झाली."

तिचे हे वाक्य मला आधी तोडून बोलल्यासारखे वाटले, पण तिने जून २०२४ मधला अर्ज काढून दाखवला तेव्हा ते शब्दशः खरे असल्याचे लक्षात आले. अर्जात मुदतपूर्तीच्या सूचनेसाठी तीन चौकटी होत्या : मुद्दल व व्याज पुढे चालू ठेवावे, फक्त मुद्दल पुढे चालू ठेवून व्याज खात्यात जमा करावे, सर्व रक्कम खात्यात जमा करून ठेव बंद करावी. तिन्ही चौकटी कोऱ्या होत्या. अण्णांची सही होती, नामनिर्देशनाचा भाग भरलेला होता, आणि पानाच्या खाली बारीक अक्षरांत एक अट छापलेली होती : ठेवीदाराची सूचना नसल्यास ठेव मूळ मुदतीएवढ्याच काळासाठी, मुदतपूर्तीच्या दिवशी लागू असलेल्या दराने पुढे चालू राहील. चौकटी कोऱ्या ठेवणे म्हणजे काहीच न निवडणे, असे आम्हाला वाटत होते. त्या अटीमुळे कोऱ्या चौकटींचा अर्थ पहिला पर्याय निवडला, असा होत होता.

त्या अटीत 'मुदतपूर्तीच्या दिवशी लागू असलेला दर' हे शब्द नीट वाचायला हवेत. जून २०२४ मध्ये रेपो दर ६.५० टक्के होता. फेब्रुवारी २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने तो कमी करायला सुरुवात केली आणि जून २०२५ पर्यंत तो ५.५० टक्क्यांवर आणला. बँकांचे ठेवींचे दरही त्याबरोबर उतरले. शिवाय अण्णांची ठेव ज्या विशेष योजनेत होती, ती योजना दरम्यान बंद झाली होती. ४४४ दिवस ही मुदत जशीच्या तशी राहिली, पण त्या मुदतीला असलेला खास दर राहिला नाही. ती ठेव 'एक वर्ष ते दोन वर्षांपेक्षा कमी' या सर्वसाधारण गटात जाऊन बसली. आपण विशेष योजनेत ठेवलेली रक्कम पुढेही विशेष योजनेतच राहील, ही अण्णांची समजूत होती. माझीही तीच होती. प्रत्यक्षात आपोआप होणारे नूतनीकरण मुदत सोबत घेऊन जाते, योजना घेऊन जात नाही.

मग प्रश्न आला की आता काय करायचे. ५ लाखांचे व्याज मिळून २८ ऑगस्टला रक्कम सुमारे ५,४८,९४७ रुपये झाली होती आणि तीच नव्या ठेवीचे मुद्दल झाली होती. काउंटरवरच्या मुलीने आम्हाला आत बसलेल्या अधिकाऱ्याकडे पाठवले. ते मध्यमवयीन गृहस्थ होते आणि त्यांनी घाई न करता सगळे समजावले, याबद्दल मी त्यांची मनापासून आभारी आहे.

पहिली गोष्ट त्यांनी सांगितली ती ही, की त्यांच्या बँकेच्या नियमाप्रमाणे आपोआप झालेले नूतनीकरण चौदा दिवसांच्या आत रद्द करायला आलो असतो, तर दंड लागला नसता. आम्ही बेचाळिसाव्या दिवशी आलो होतो. असा काही कालावधी आहे का आणि किती दिवसांचा, हे प्रत्येक बँक स्वतःच्या धोरणात ठरवते, त्यामुळे आपल्या बँकेत तो किती, हे ठेव ठेवतानाच विचारून घ्यावे, असे मला आता वाटते.

दुसरी गोष्ट होती ठेव मोडण्याची. लोक समजतात की ठेव मोडली की ठरलेल्या दरातून एक टक्का कापून उरलेला दर मिळतो. आम्हीही मनात तोच हिशोब केला होता : ६.७५ वजा १, म्हणजे ५.७५ टक्के. अधिकारी म्हणाले, हिशोब तिथून सुरू होत नाही. ठेव प्रत्यक्षात जितके दिवस बँकेत राहिली, तितक्या दिवसांच्या मुदतीला ठेव ठेवली त्या दिवशी जो दर होता, तो आधी धरायचा, आणि दंडाचा टक्का त्यातून वजा करायचा. त्यांनी दरपत्रक समोर ठेवले. ७ ते ४५ दिवसांच्या ठेवीला ज्येष्ठ नागरिकांसाठी ४ टक्के दर होता. त्यातून १ टक्का गेला की उरतात ३ टक्के. त्या दिवशी, म्हणजे ९ ऑक्टोबरला, ठेव मोडली असती तर बेचाळीस दिवसांचे व्याज सुमारे १,८९५ रुपये मिळाले असते.

मी ते मान्य करून अर्ज मागितला. अधिकाऱ्यांनी अर्ज दिला नाही. त्यांनी दरपत्रकातल्या पुढच्या ओळीवर पेन्सिलने खूण केली. ४६ ते १७९ दिवसांच्या गटाला दर ५.४० टक्के होता. "ताई, आज बेचाळीस दिवस झालेत," ते म्हणाले. "सोमवारी सेहेचाळीस होतील. तुम्ही सोमवारी या."

सोमवार १३ ऑक्टोबरचा होता. ५.४० मधून १ गेला की ४.४० टक्के, आणि सेहेचाळीस दिवसांचे व्याज सुमारे ३,०४४ रुपये. फक्त चार दिवस थांबल्याने अकराशे एकोणपन्नास रुपये जास्त मिळणार होते, कारण त्या चार दिवसांत ठेव एका गटातून दुसऱ्या गटात जात होती. ठेव मोडण्याचा अर्ज देण्यापूर्वी दरपत्रकावर आपण कोणत्या रेषेच्या अलीकडे आणि कोणत्या रेषेच्या किती जवळ उभे आहोत, हे पाहायचे असते, हे मला पन्नाशीला पोचल्यावर पहिल्यांदा कळले. त्या अधिकाऱ्यांना हे सांगण्याचे कोणतेही बंधन नव्हते.

ठेव मोडणे मुळात योग्य होते का, याचाही आम्ही तिथेच बसून हिशोब केला. सेहेचाळीस दिवसांचे ६.७५ टक्क्यांनी सुमारे ४,६७० रुपये व्याज झाले असते; मोडल्यामुळे ते ३,०४४ होणार होते. म्हणजे सोळाशेच्या थोडी वर झीज. उलट पोस्टातला ८.२ टक्के आणि इथला ६.७५ टक्के यांतला फरक १.४५ टक्क्यांचा, जो साडेपाच लाखांच्या जवळच्या रकमेवर वर्षाला सुमारे आठ हजार रुपये होतो. पोस्टाची योजना पाच वर्षांची आहे आणि ती मुदतीआधी बंद केली तर तिथेही कपात आहे : पहिल्या वर्षात बंद केली तर व्याजच मिळत नाही, दोन वर्षांच्या आत केली तर मुद्दलाच्या दीड टक्का कापला जातो, त्यानंतर एक टक्का. अण्णांना ही रक्कम पाच वर्षे लागणार नव्हती, म्हणून आम्ही मोडायचे ठरवले. ज्यांना वर्षभरात पैसा लागण्याची शक्यता आहे, त्यांचा निर्णय वेगळा होऊ शकतो.

मी दंड माफ करण्याची लेखी विनंतीही केली. अण्णांचे वय, गणपतीचे दिवस, इंग्रजी संदेश, हे सगळे त्यात लिहिले. नंतर आलेल्या उत्तरात बँकेने नम्रपणे नकार दिला आणि अर्जावरच्या छापील अटीकडे बोट दाखवले. बँकेने मुदतपूर्तीची सूचना आधी पाठवावी अशी अपेक्षा आहे आणि संदेशाच्या रूपाने ती पाठवली गेली होती, हे मला नाकारता येत नव्हते. तरीही वाटते की ज्या ग्राहकाचे वय सत्तरीच्या पुढे आहे आणि ज्याने चौकट कोरी ठेवली आहे, त्याला मराठीत संदेश पाठवणे किंवा एक फोन करणे त्या शाखेला अवघड नव्हते.

त्या रात्री घरी आल्यावर मी आईचे कपाट उघडले. मोठ्या बँकेतली पावती अशी निसटली, तर अजून काही निसटले आहे का, अशी शंका मनात होती. साड्यांच्या खाली एक प्लॅस्टिकची पिशवी होती. तिच्यात जुनी रेशनकार्डे, माझ्या दहावीची गुणपत्रिका, आणि एका नागरी सहकारी बँकेची पावती होती. १ लाख रुपये, १४ फेब्रुवारी २०२० रोजी तीन वर्षांसाठी ठेवलेले, दर ६.५ टक्के, मुदतपूर्ती १४ फेब्रुवारी २०२३, मुदतपूर्तीची रक्कम १,२१,३४१ रुपये. नावे आई आणि अण्णा यांची, आणि खाली 'दोघांपैकी कोणीही अथवा हयात असलेला' असा शिक्का. पावतीच्या मागे आईच्या अक्षरात पेन्सिलने लिहिलेले होते : '१४ फेब्रु. २३ - बँकेत जाणे.' ती तारीख येण्याच्या आठ महिने आधी आई गेली होती.

अण्णा ती ओळ बराच वेळ पाहत बसले. मग म्हणाले, "निदान ही तरी रिन्यू झाली असेल."

ती झालेली नव्हती. १४ ऑक्टोबरला आम्ही त्या बँकेत गेलो, तेव्हा तिथल्या लेखनिकाने एक जुने रजिस्टर आणि संगणक दोन्ही पाहिले आणि सांगितले की ही ठेव मुदतपूर्तीपासून 'ओव्हरड्यू' म्हणून उभी आहे. या बँकेत ठेवीदाराने लेखी सूचना दिल्याशिवाय नूतनीकरण होत नव्हते. अर्जात तशी सूचना नव्हती, म्हणून पैसा जिथे होता तिथेच पडून राहिला. बँकेने स्मरणपत्र पाठवल्याची नोंद होती, पण ते आमच्या जुन्या भाड्याच्या घराच्या पत्त्यावर गेले होते. तो पत्ता आम्ही कधी बदलून घेतला नव्हता, हा दोष आमचाच.

पडून राहिलेल्या काळाचे व्याज काय मिळते, हा यातला सर्वांत महत्त्वाचा भाग. रिझर्व्ह बँकेने जुलै २०२१ मध्ये याविषयी नियम बदलला आणि तो सहकारी बँकांनाही लागू आहे. मुदत संपलेली आणि न उचललेली ठेव बँकेत राहिली, तर तिला बचत खात्याचा दर किंवा त्या ठेवीचा ठरलेला दर, या दोहोंपैकी जो कमी असेल तो मिळतो. 'जो कमी असेल तो' हे शब्द २०२१ मध्ये आले. त्याआधी अशा रकमेला बचत खात्याचा दर मिळत असे. आमच्या बाबतीत बचत खात्याचा दर २.७५ टक्के होता, म्हणून तोच लागला. १४ फेब्रुवारी २०२३ ते १४ ऑक्टोबर २०२५ या ९७३ दिवसांचे व्याज झाले सुमारे ८,८९५ रुपये. त्याच बँकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये ज्येष्ठ नागरिकांना ७.५ टक्के दर दिला होता. त्या दराने साध्या व्याजानेही एवढ्या दिवसांचे २४,२६० रुपये झाले असते. म्हणजे पंधरा हजारांच्या वर रक्कम केवळ सूचना नसल्यामुळे गेली.

मागच्या तारखेपासून नूतनीकरण करता येईल का, असे मी विचारले. लेखनिकाने शाखाधिकाऱ्यांना विचारले आणि शाखाधिकाऱ्यांनी नाही म्हणून सांगितले : इतक्या जुन्या ठेवीला नवी पावती आजच्या तारखेपासूनच मिळेल, मागील काळाला बचतीचाच दर. हा निर्णय बँकेच्या संचालक मंडळाने ठरवलेल्या धोरणावर अवलंबून असतो, त्यामुळे थोड्याच दिवसांचा उशीर असेल तर विचारून पाहणे योग्य. आमचा उशीर अडीच वर्षांच्या पुढचा होता.

रक्कम मिळायला मात्र अडचण आली नाही. मुदत संपलेली असल्याने आणि शिक्का 'हयात असलेला' असा असल्याने आईचा मृत्यूचा दाखला, अण्णांचे ओळखपत्र आणि मूळ पावती एवढ्यावर काम झाले. ठेव मुदतीआधीच असती तर इतक्या सहज झाले नसते, कारण मुदतीआधी हयात ठेवीदाराला एकट्याला रक्कम काढता यावी यासाठी दोघांनी आधी तशी स्पष्ट संमती दिलेली असावी लागते.

अण्णांना काळजी होती की अशी पावती आणखी काही वर्षे सापडली नसती, तर पैसे बुडाले असते का. बुडाले नसते. मुदतपूर्तीपासून दहा वर्षे कोणी दावा केला नाही, तर बँकेला ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत वर्ग करावी लागते. हा निधी २०१४ पासून आहे. त्यानंतरही ठेवीदार किंवा त्याचे वारस त्याच बँकेकडे जाऊन रक्कम मागू शकतात. अशा बेवारस ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये `UDGAM` नावाचे संकेतस्थळ सुरू केले आहे. त्यावर नाव आणि पॅन किंवा जन्मतारखेसारखी एखादी ओळख देऊन त्यात सहभागी बँकांमध्ये शोध घेता येतो. आमची ठेव त्या टप्प्याला पोचली नव्हती, तरी आईच्या नावाने मी त्यावर शोध घेऊन पाहिला. आणखी काही सापडले नाही.

दोन्ही अनुभव एकामागून एक झाल्यामुळे माझ्या मनातला एक समज बदलला. पहिल्या बँकेतून बाहेर पडताना आपोआप होणारे नूतनीकरण ही ग्राहकाला अडकवणारी सोय आहे, असे मी अण्णांना रागाने म्हणाले होते. दुसऱ्या बँकेत कळले की तीच सोय असती तर आईची पावती अडीच वर्षे २.७५ टक्क्यांवर पडली नसती. पैसा ठरलेल्या दिवशी ठरलेल्या कामाला हवा असेल, तर नूतनीकरण नडते. पैसा नुसताच ठेवायचा असेल आणि घरात लक्ष ठेवणारे कोणी नसेल, तर नूतनीकरण वाचवते. म्हणून चौकट कोणती भरायची, याचे उत्तर बँकेच्या माणसाकडे नसते. ते त्या विशिष्ट पैशाचे काय करायचे आहे, यावर ठरते. आणि ती कोरी ठेवली तर तिचा अर्थ त्या त्या बँकेची छापील अट ठरवते, जो एका बँकेत पहिला पर्याय असतो आणि दुसऱ्या बँकेत कोणताच नसतो.

आता जे केले ते लिहिते. १३ ऑक्टोबरला पहिली ठेव मोडून रक्कम बचत खात्यात आली. १६ तारखेला अण्णांनी पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे खाते उघडले. तिथे रक्कम हजाराच्या पटीत लागते, म्हणून बँकेतून आलेल्या रकमेतले ५,५१,००० रुपयांचा धनादेश दिला आणि उरलेले नऊशे एक्याण्णव रुपये बचत खात्यातच राहिले. मोठ्या बँकेत अण्णांची आणखी एक लहान ठेव होती, तिची मुदतपूर्तीची सूचना मी नेट बँकिंगमधून बदलली. ठेवीचा तपशील उघडल्यावर `Maturity Instruction` या नावाखाली ती सापडते. बदल केल्यावर तोच तपशील पुन्हा उघडून नवी सूचना दिसते आहे ना, हे मी पाहिले. मुदतपूर्तीच्या दिवशीच बदल करायला गेलो तर रात्रीच्या प्रक्रियेत ठेव आधीच पुढे चालू झालेली असू शकते, म्हणून तो आधी करून ठेवणे बरे.

सहकारी बँकेतल्या १,३०,२३६ रुपयांपैकी १,३०,००० रुपयांची एक वर्षाची नवी पावती केली. ही रक्कम आजारपणासाठी राखीव ठेवायची असल्यामुळे ती बंद होऊन बचत खात्यात पडून राहणे आम्हाला नको होते, आणि कुणाला न कळता पुढे चालू राहणेही नको होते. म्हणून आम्ही मधला पर्याय निवडला : मुद्दल पुढे चालू, व्याज बचत खात्यात. यात एक फायदा आहे जो त्या लेखनिकानेच सांगितला. दर वर्षी मुदत संपली की व्याजाची रक्कम खात्यात जमा होईल, पासबुकात नोंद पडेल, आणि त्या नोंदीवरून ठेव पुढे चालू झाल्याचे कळेल. नवा पत्ता, अण्णांचा आणि माझा मोबाइल क्रमांक, आणि नामनिर्देशनात माझे नाव, हे सगळे त्याच दिवशी भरून घेतले.

नव्या पावतीवर मुदतपूर्तीची तारीख आहे १४ ऑक्टोबर २०२६. घरी आल्यावर अण्णांनी ती उलटी केली, पेन्सिल घेतली, आणि आई लिहायची तसे मागे लिहिले : '१ ऑक्टो. २६ - बँकेत जाणे.' मग तीच ओळ त्यांनी स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेच्या शेवटच्या पानावरही उतरवली.